कागदी पॅटर्नचा फोटो आलाय, कात्री कुठून चालवायची?

«ताई, पुण्याहून माझ्या नणंदेने कुर्त्याच्या कागदी पॅटर्नचे व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवलेत: पुढचा भाग, मागचा भाग आणि बाही. एकात एक चार रेघा आहेत, कडेला बारीक त्रिकोण आहेत, मध्ये बाण आहेत. माझी छाती ३६ इंच. महेश्वरी कापड घेऊन ठेवलंय. फोटोची मोठी प्रिंट काढून थेट कापलं तर चालेल ना? कुठली रेघ कापायची आणि बाण कापडावर कसा ठेवायचा? (इंदूर)»

थेट कापू नका. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. त्यांतल्या खुणा वाचता येतात, पण मापं त्यांवर घेता येणार नाहीत. महेश्वरी एकदा कापलं की राजवाड्याच्या बाजारात तोच रंग, तीच पट्टी परत मिळेल असं धरून चालू नका.

पुढच्या भागाचा फोटो घ्या. डाव्या कडेला सरळ उभी रेघ आहे, तिला टेकून दोन्ही टोकं आत वळलेला बाण आहे. ती घडीची कड. तिच्यापासून थोड्या अंतरावर दुसरी बारीक उभी रेघ आहे, टक्सची मधली. कागदावर या दोन रेघा समांतर छापलेल्या असतात. तुमच्या फोटोत पट्टी लावून बघा: खाली त्यांच्यातलं अंतर जास्त आहे, खांद्याकडे जाता जाता ते कमी होतं. म्हणजे नणंदबाईंनी कागद जमिनीवर पसरला, घेराच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि मोबाइल पुढे झुकवून फोटो काढला. जवळचा घेर मोठा आला, लांबचा खांदा लहान आला. आगगाडीचे रूळ लांब जाऊन जवळ आल्यासारखे दिसतात, तसंच.

यातली फसवी गोष्ट अशी की सरळ रेघ तिरक्या फोटोतही सरळच राहते. त्यामुळे बाण सरळ दिसला म्हणून फोटो बरोबर, असं नाही. दोन समांतर रेघा समांतर राहिल्यात का, हे बघायचं. बाणच वाकडा किंवा कमानीसारखा दिसला तर कारण वेगळं असतं. एक तर कागदाला घडी पडून तो उचलला गेलाय, नाहीतर फार जवळून काढल्यामुळे फोटोच्या कडा फुगल्यात. तुमच्या बाहीच्या फोटोत हेच झालंय. बाहीच्या बाणाला मधोमध बाक आहे आणि तिथेच कागदाची घडीही दिसते.

याने किती फरक पडतो ते माझ्याच अनुभवावरून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईंनी असाच फोटो पाठवला होता. मी घेराचं माप जुळवून तो मोठा छापून घेतला आणि कापून मोकळी झाले. नंतर मूळ कागद हाती आला तेव्हा दोन्ही एकावर एक ठेवून पाहिले. घेर तंतोतंत होता. खांदा मात्र कागदावर साडेबारा सेंटिमीटर आणि माझ्या प्रिंटमध्ये जेमतेम साडेअकरा. छातीपाशी पाव भागात दीड सेंटिमीटर कमी, म्हणजे चारही पावांत मिळून सहा. कुर्ता अंगात गेलाच नाही. घेर बरोबर आला म्हणून सगळं बरोबर आलं, हे मी गृहीत धरलं होतं.

फोटो सरळ करून देणारी ॲप्स मोबाइलवर असतात, पण त्यांच्यावर विसंबू नका. ती कागदाचे चार कोपरे धरून चौकट काटकोनी करतात. लांबी आणि रुंदी यांचं प्रमाणही तेवढंच बरोबर आलं असेल, याची खात्री नसते. दिसायला फोटो नीटनेटका होतो आणि उंचीत दोन-तीन सेंटिमीटर खाऊन बसतो.

म्हणून मी शिकायला येणाऱ्या मुलींना शाळेतली चित्र मोठं करायची चौकटींची रीत सांगते. नणंदबाईंना फोन करा. मूळ कागदावर बाण ज्या रेघेवर आहे, ती पट्टीने वर-खाली कागदाच्या कडेपर्यंत वाढवायला सांगा, हलक्या पेन्सिलीने. ती पहिली रेघ. तिला समांतर दर पाच सेंटिमीटरला रेघा आणि त्यांना काटकोनात दर पाच सेंटिमीटरला आडव्या. काटकोन गुण्याने घ्यावा, नसेल तर पोस्टकार्डाचा कोपराही चालतो. मग कागदाला इस्त्रीचा हलका, कोरडा हात फिरवून घड्या काढायच्या, भिंतीला चिकटवायचा आणि दोन-तीन मीटर मागे जाऊन, झूम करून, मोबाइल कागदाच्या मधोमध उंचीला धरून फोटो काढायचा. पाठवताना व्हॉट्सॲपवर Document म्हणून पाठवायचा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो, तुटक रेघांची टिंबं एकमेकांत मिसळतात आणि मग तुम्हाला चार मापांतली तुमची रेघ कळत नाही.

आता तुमच्याकडे ब्राऊन पेपरवर तशाच पाच सेंटिमीटरच्या चौकटी आखा आणि एकेका चौकटीतली रेघ बघून आपल्या चौकटीत उतरवा. फोटो थोडा तिरका आला तरी बिघडत नाही, कारण कागदावरची चौकटही त्याच्याबरोबर तिरकी झालेली असते. मुंढ्याचा बाक चौथ्या चौकटीची उभी रेघ तिच्या मधोमध छेदत असेल, तर तुमच्याकडेही तो तिथेच छेदायचा. मुंढा आणि गळा इथे बाक झपाट्याने वळतो. तेवढ्या भागात चौकटी अडीच सेंटिमीटरच्या करायला सांगा. बाकीकडे पाच पुरे. शिवाय पहिली रेघ बाणावरूनच काढलेली असल्यामुळे उभा धागा आपोआप तुमच्या कागदावर येतो. तो वेगळा शोधत बसावं लागत नाही.

आता कुठली रेघ. तुमच्या पॅटर्नमध्ये चार मापं एकात एक आहेत: एक सलग रेघ, एक लांब तुटक, एक टिंबांची आणि एक तुटक-टिंब. आपलं माप म्हणजे छातीच्या मापाशी जुळणारा आकडा. तो बहुतेक घेराच्या कोपऱ्यात रेघेजवळ छापलेला असतो. तिथून सुरुवात करा आणि रेघेची जात धरून वर जा. «बाहेरून दुसरी» असं मोजत जाऊ नका. मुंढ्याच्या खालच्या टोकापाशी आणि खांद्याशी या रेघा एकमेकींना छेदतात, कारण मोठ्या मापाचा मुंढा बाहेर तर सरकतोच, शिवाय खालीही उतरतो. छेदून पलीकडे गेल्यावर बाहेरून दुसरी असलेली रेघ तिसरी होते. मोजणाऱ्या मुली इथे हमखास चुकतात: कुर्त्याचा घेर एका मापाचा आणि मुंढा दुसऱ्या मापाचा येतो. फोटो मोठा करून तुमची रेघ आधी लाल पेनने कागदाच्या प्रिंटवर गिरवून घ्या, मगच ब्राऊन पेपरवर उतरवा. अशी छोटी प्रिंट वाचायला उत्तम, फक्त त्यावर कापायचं नाही.

पुढच्या भागात कंबरेजवळ ज्या दोन आडव्या समांतर रेघा दिसतायत, त्या कापायच्या नाहीत. कुर्ता लांब-आखूड करायचा असेल तर कागद तिथे कापून मध्ये पट्टी घालायची, नाहीतर दुमड घ्यायची, एवढंच त्यांचं काम. त्या बाणाला काटकोनात असतात. तुमच्या फोटोत त्या काटकोनात नाहीत, हीदेखील फोटो तिरका असल्याची खूण.

रेघ सापडली तरी एक प्रश्न राहतो: ती कापायची रेघ की शिवायची? म्हणजे शिवणीसाठी लागणारी माया आत धरलेली आहे की नाही? अनेक मापांच्या पॅटर्नवर शिवणीची रेघ छापायची पद्धत नाही, नाहीतर रेघांचं जाळं होईल. मायेबद्दल कुठेतरी एक ओळ लिहिलेली असते आणि फोटोत नेमकी तीच सुटते. जर्मन बुर्डा मासिकाच्या घडीच्या कागदांवर माया धरलेली नसते, ती आपण सोडायची. पाकिटातून मिळणाऱ्या बऱ्याच अमेरिकी पॅटर्नांत दीड सेंटिमीटर आधीच धरलेली असते. नणंदबाईंना ती ओळ शोधायला सांगा. ती सापडलीच नाही तर टेपने एक माप मागा: घडीच्या कडेपासून बगलेखाली कडेपर्यंत, सरळ आडवं, तुमच्या मापाच्या रेघेवर.

हिशोब असा. ३६ इंच म्हणजे साडेएक्क्याण्णव सेंटिमीटर. अंगाला बेताच्या कुर्त्यात साधारण दहा सेंटिमीटर सैलपणा असतो. बेरीज १०१.५ च्या आसपास, तिचा पाव भाग साधारण साडेपंचवीस. टेपवर २५.५ आलं तर ती शिवायची रेघ, माया तुम्हाला सोडायची आहे. २७ आलं तर दीडची माया आत आहे. पण हा हिशोब नेहमीच्या बेताच्या कुर्त्याला चालतो. पॅटर्न मुळात ढगळ असेल तर २७ म्हणजे नुसता सैलपणाही असू शकतो. अशा वेळी कागदावरचा मजकूर शोधण्याला पर्याय नाही. माया जिथे नसेल तिथे मी बाजूच्या शिवणीला दोन सेंटिमीटर सोडते, मुंढ्याला आणि गळ्याला एकच. बाक असलेल्या ठिकाणी जास्त माया ठेवली तर शिवल्यावर कापड ओढलं जातं.

आता खाचा, म्हणजे ते त्रिकोण. आपल्याकडे जुने शिंपी नुसता कात्रीचा टोचा मारतात, छापील पॅटर्नवर त्रिकोण असतो. बहुतेक पॅटर्नमध्ये मुंढ्याच्या पुढच्या बाजूला एक त्रिकोण आणि मागच्या बाजूला दोन. बाहीच्या माथ्यावरही तसंच: एक त्रिकोणाची बाजू पुढे, दोनची मागे. बाही दिसायला दोन्ही बाजूंना सारखीच वाटते, पण तशी नसते. पुढचा बाक जास्त खोल असतो, कारण हात पुढे जातो. उलटी लावली तर पाठीत सुरकुती पडते आणि हात उचलताना ओढ बसते. तुमच्या तिसऱ्या फोटोत अक्षरं सरळ वाचता येतात, म्हणजे बाही आरशातली नाही. पातळ कागदाचा मागून काढलेला फोटो असेल तर अक्षरं उलटी दिसतात आणि पुढची-मागची खाच अदलाबदल होते. हे प्रत्येक फोटोत आधी बघायचं.

पण खाचांचा खरा उपयोग तपासणीला आहे. फोटोवरून उतरवलेला कागद खोटा आहे की खरा, ते कापड हातात घ्यायच्या आधी खाचा सांगतात. पुढचा भाग आणि बाही एकमेकांवर ठेवून शिवणीच्या रेघेवर टेप कडेवर उभी धरून चालवा. बगलेपासून पहिल्या खाचेपर्यंतचं अंतर पुढच्या भागावर आणि बाहीवर अगदी एकच यायला हवं. दोन खाचांपर्यंतचं अंतर मागच्या भागावर आणि बाहीवर एकच. समजा पुढच्या भागावर ९ आलं आणि बाहीवर ८.४, तर बाहीचा कागद बारीक उतरलाय. खाचांच्या वर मात्र बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा लांब असतो, कारण खांद्यावर गोलाई बसवायला ती जास्तीची लांबी चुणीशिवाय दाबून घ्यायची असते. सुती कापडात ही जास्तीची लांबी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर. पुढचा मुंढा २१.५, मागचा २३, दोन्ही मिळून ४४.५ आणि बाहीचा माथा ४७, तर फरक अडीच, ठीक. फरक पाच आला तर कागद चुकलाय, बाही नीट बसणारच नाही. उलट माथा मुंढ्यापेक्षा कमी आला तर बाही मुंढ्याला पुरणार नाही.

इथे एक जण नेहमी विचारतं की शिवणीच्या रेघेवरच का, कापायच्या कडेवर मोजलं तर काय होतं? मुंढा आत वळलेला आणि बाहीचा माथा बाहेर फुगलेला. मायेची पट्टी मुंढ्याच्या आतल्या, छोट्या गोलाईवर जाते आणि माथ्याच्या बाहेरच्या, मोठ्या गोलाईवर. म्हणून कडा मोजल्या की माथा उगाच फार मोठा दिसतो आणि चांगला पॅटर्न आपण फेकून देतो.

दुसरी तपासणी बाजूच्या शिवणीची. बगलेपासून घेरापर्यंत पुढची आणि मागची शिवण सारखी असली पाहिजे. पुढच्या भागात बाजूला टक्स असेल तर तो मिटवून मोजायचं. पुढची एक सेंटिमीटरने लांब आली तर टक्स धरायचा राहिलाय का ते पाहा, आणि नसेल तर मग चौकटी तपासा.

तुमच्या महेश्वरीवर खाच कात्रीने आत कापू नका. धागे सुटतात आणि एका सेंटिमीटरच्या मायेत चार मिलिमीटरची खाच शिवणीपर्यंत पोचते. त्रिकोण बाहेरच्या बाजूला कापा, नाहीतर रंगीत दोऱ्याचा कच्चा टाका घाला. टक्सच्या टोकाला ठिपका असतो, तिथेही टाकाच. खडू महेश्वरीवर राहतो खरा, पण हाताने सारखं उचललं की पुसून जातो.

शेवटी बाण कापडावर. दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण म्हणजे उभा धागा: तो कापडाच्या काठाला समांतर हवा. एकाच टोकाचा बाण असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवायचे, मखमल किंवा एकाच बाजूला तोंड असलेली छपाई असेल तेव्हा. दोन्ही टोकं आत वळलेला बाण म्हणजे ती कड कापडाच्या घडीवर, तिथे कात्री अजिबात नाही. दरवर्षी एक तरी मुलगी घडीवर माया सोडते आणि पुढचा भाग दोन तुकड्यांत आणते.

कापड आधी साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. कापलेलं टोक सरळ आहे असं समजू नका: एक आडवा धागा ओढून काढा आणि त्या ओळीवर कापा. मग काठाला काठ लावून घडी घाला. कागद ठेवून बाणाच्या वरच्या टोकापासून काठापर्यंत मोजा, खालच्या टोकापासूनही मोजा. समजा वर १८.४ आणि खाली १९ आलं. वरच्या टोकात एक टाचणी लावून कागद तिच्याभोवती फिरवा, दोन्हीकडे १८.४ येईपर्यंत. सहा मिलिमीटर तिरकं म्हणजे काय होतंय, असं वाटतं. धुतल्यावर बाजूची शिवण हळूहळू पोटाकडे सरकते तेव्हा कळतं. बऱ्याच महेश्वरीत ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो, त्यामुळे उभं आणि आडवं सारखं पडत नाही आणि चमकही वेगळी दिसते. एक तुकडा आडवा कापला की तो बाकीच्यांतून वेगळा ओळखू येतो.

काठ घेराला हवा म्हणून कागद आडवा ठेवायचा मोह होईल, कारण काठ कापडाच्या लांबीने धावतो. तसं करता येतं, पण मग पुढचा, मागचा आणि बाही, सगळेच आडवे ठेवा, नाहीतर बाहीची चमक वेगळी दिसेल. आणि पन्हा कुर्त्याच्या लांबीला पुरतो का ते आधी मोजा. पुरत नसेल तर काठ कापून वेगळा लावणं सोपं. कापडावर आडव्या पट्ट्या असतील तर पुढचा आणि मागचा भाग एकाच पट्टीवर बसवायला बगलेखालच्या बाजूच्या खाचा वापरा: पुढच्या भागाची खाच ज्या पट्टीवर, मागच्याचीही त्याच पट्टीवर.

कागद सगळीकडून जुळला तरी महेश्वरीला कात्री लावायच्या आधी अर्धा दिवस मांजरपाटावर घालवा. पुढचा, मागचा आणि एकच बाही कापा, मोठ्या टाक्यांनी जोडा आणि अंगावर चढवून आरशासमोर हात वर करा. काही ओढत असेल तर कुठे ओढतंय त्याचा फोटो पाठवा, समोरून आणि बाजूने. या फोटोला चौकटी लागणार नाहीत.